मॅट की ग्लॉसी? पाठीशी पश्चिमेची खिडकी, वर ट्यूब आणि मध्ये माझा स्क्रीन

अक्षरवेल | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार. मी घरून पुस्तकांची मांडणी करते. दिवसाचे सात-आठ तास मजकूर, आणि महिन्यातून दोन-तीन मुखपृष्ठं. सध्या चोवीस इंची, काचेसारख्या चकचकीत स्क्रीनचा जुना संगणक आहे. तो आता बदलायचाच आहे, सत्तावीस इंची मॉनिटर घेईन म्हणते. प्रश्न असा की मॅट घ्यावा की ग्लॉसी?

खोली कर्वेनगरच्या फ्लॅटमधली, पूर्व-पश्चिम १० फूट आणि उत्तर-दक्षिण ११ फूट. पश्चिमेच्या भिंतीला मधोमध चार फुटी सरकती खिडकी. टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलंय, म्हणजे माझं तोंड पूर्वेला आणि खिडकी पाठीशी. ट्यूबही त्याच पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, जमिनीपासून आठ फुटांवर. दुपारी चारनंतर स्क्रीनवर खिडकी दिसते, मध्ये माझ्या डोक्याची सावली, आणि रात्री वरच्या कडेला ट्यूबची पांढरी रेघ. परवा एका मुखपृष्ठाच्या काळ्या भागातला डाग मला दिसलाच नाही, तो छापून आल्यावर दिसला. पूर्वेला तोंड करून बसावं हा सासऱ्यांचा आग्रह आहे आणि तो मोडायची माझी इच्छा नाही.

---

निखिल_हडपसर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, सरळ मॅट घ्या. मॅटवर प्रतिबिंब येतच नाही. माझ्या ऑफिसात सगळे मॅट आहेत, डोक्यावर ओळीने दिवे आहेत, कुणाला काही त्रास नाही. आणि ब्राइटनेस शंभरावर ठेवायचा. स्क्रीन खिडकीपेक्षा उजळ झाला की खिडकी दिसणार नाही.

---

कसबापेठी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी चार वर्षांपूर्वी अँटी-ग्लेअर चष्मा केला, तेव्हापासून डोळे चुरचुरायचे थांबले. मॉनिटर बदलण्याआधी चष्म्याच्या दुकानात जाऊन बघा. हजार-दीड हजारात काम होईल.

---

दिवेलागण | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मी घरांची आणि ऑफिसांची प्रकाशयोजना करतो, वीस वर्षं झाली. सवडीने लिहितो.

कसबापेठीकाका, तुमच्या चष्म्यावरचा थर वेगळा आणि मॉनिटरवरचा वेगळा, नाव मात्र दोन्हीकडे एकच वापरतात. चष्म्याच्या काचेवर इतके पातळ थर असतात की परत फिरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात. म्हणून काच तिरकी धरली की हिरवट-जांभळी झाक दिसते. त्या थराने परतणारा प्रकाश खरोखर कमी होतो, पण तो तुमच्या चष्म्याच्या काचेवरचा. स्क्रीनवर उमटलेली खिडकी चष्म्यातून तशीच दिसणार. मॉनिटरवर 'अँटी-ग्लेअर' लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा पृष्ठभाग बारीक खडबडीत केलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

निखिल, हा खडबडीतपणा प्रकाश गिळत नाही, तो पसरवतो. साध्या काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत येतो. ग्लॉसी स्क्रीनवर तो आरशासारखा एकाच दिशेने जातो, म्हणून खिडकीची चौकट, गज, तुमचं डोकं, सगळं रेखीव दिसतं. मॅटवर जवळपास तेवढाच प्रकाश आजूबाजूला विखुरतो. चौकट दिसत नाही, पण तिच्या जागी धुरकट पांढरा ढग येतो आणि त्याच्याखालचा काळा रंग राखाडी होतो. ताईंचा मुखपृष्ठावरचा डाग मॅटवरही हुकला असता, फक्त का हुकला ते कळलं नसतं.

ब्राइटनेसचं म्हणाल तर उजळपणा निट्समध्ये मोजतात, आणि मॉनिटरचा पांढरा रंग २५० ते ३५० निट्सचा असतो. खिडकीतलं उघडं आकाश सहज पाच हजारांच्या पुढे. त्याचे ४ टक्के म्हणजे २००. पांढऱ्या पानाच्या जवळपास तेवढाच उजेड तुमच्या काळ्या अक्षरावर पडतोय. शंभर टक्के ब्राइटनेसने थोडा फरक पडेल, पण तेवढ्याने निभणार नाही, आणि रात्री तोच ब्राइटनेस डोळ्यांवर येईल. हेच प्रतिबिंब साध्या पांढऱ्या भिंतीचं असेल तर खोलीच्या नेहमीच्या उजेडात ते दोन-तीन निट्सच्या आसपास भरतं. तेवढं अक्षरांना अजिबात नडत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न मॅट-ग्लॉसीचा नाही. तुमच्या स्क्रीनला पाठीमागे काय दिसतं, हा आहे. मॉनिटर बंद करा, रोजच्या जागी, रोजच्या उंचीला बसा आणि काळ्या काचेत बघा. जे उजळ दिसेल ते कागदावर लिहा. सकाळी, दुपारी, पाच वाजता आणि ट्यूब लावल्यावर, असं चार वेळा करा.

---

अक्षरवेल | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

केलं. सकाळी खिडकी दिसते, पण फिकट. दुपारी माझा पांढरा कुर्ता दिसतो, हे कधी लक्षातच आलं नव्हतं! पाच वाजता अर्धा स्क्रीन खिडकीने भरतो. रात्री ट्यूब वरच्या कडेपासून तीन-चार बोटं खाली दिसते. आणि एक गोष्ट, ट्यूब दिसते म्हणून मी स्क्रीन मागे कलवत गेले, तर ती अजून खाली आली.

---

दिवेलागण | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बरोबर आहे, आणि ते उलट करायला हवं. आकडा मांडून दाखवतो, म्हणजे अंदाजाने हलवावं लागणार नाही.

तुमचे डोळे जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर धरू, स्क्रीनचा मध्य ११० वर, वरची कड १२५ वर. डोळे स्क्रीनपासून ६५ सेंटीमीटर. ट्यूब २४० वर आणि स्क्रीनपासून तीन मीटर मागे. स्क्रीन अगदी सरळ उभा असेल तर ट्यूबचं प्रतिबिंब १४० सेंटीमीटरच्या जरा वर पडायला हवं. तिथे स्क्रीनच नाही, त्यामुळे ट्यूब दिसणार नाही. स्क्रीन साधारण ८ अंश मागे कलला की ती वरच्या कडेला शिरते, आणि १६ अंशांना बरोबर मध्यावर येते. म्हणजे तुमचा स्क्रीन आत्ता १० अंशांच्या आसपास मागे कललेला असणार. तो सरळ करा, हवं तर वरची कड किंचित पुढे आणा, आणि तेवढ्यासाठी मॉनिटरची उंची थोडी वाढवा. ट्यूब निघून जाईल.

लॅपटॉपवर हे अवघड जातं. तो खाली असतो आणि २०-२५ अंश मागे उघडावाच लागतो, त्यामुळे पाठीमागच्या भिंतीवरची ट्यूब तो हमखास पकडतो. स्टँडवर चढवून वेगळा कीबोर्ड लावला की झाकण सरळ उभं करता येतं.

---

रंगरेषा | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

मी चित्रकार आहे, पुस्तकांची चित्रं करते. माझं मत ग्लॉसीच्या बाजूने. मॅटच्या कणीमुळे पांढऱ्या पानावर साखर पसरल्यासारखं चमचमतं, आणि देवनागरीची बारीक वेलांटी किंवा अनुस्वार बघताना मला ते सारखं जाणवतं. एका जुन्या ग्लॉसी लॅपटॉपवर मॅट फिल्म चिकटवून पाहिली होती, ती तर त्याहून वाईट. अक्षरांच्या कडेला हिरवे-तांबडे ठिपके दिसायला लागले. आठवड्यात काढून टाकली.

---

निखिल_हडपसर | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

मला कणी कधीच दिसली नाही. आत्ता मुद्दाम नाक लावून पाहिलं, तेव्हा थोडी दिसली. हात लांब करून बसलं तर नाही दिसत.

---

दिवेलागण | १५ ऑक्टोबर, रात्री १०:००

हे मॉनिटरवर अवलंबून आहे आणि डोळ्यांवरही. सगळे मॅट सारखे नसतात. कुणाचा थर दाणेदार, कुणाचा इतका हलका की अर्धवट चमकतो. बारीक, दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर दाणेदार थर जास्त चमचमतो. वरून चिकटवलेल्या फिल्मचा खडबडीत थर पिक्सेलपासून लांब असतो, शिवाय पिक्सेलशी तो जुळवून केलेला नसतो, म्हणून ते ठिपके. रंगरेषाताईंचा अनुभव त्यामुळे खराच आहे. कणीचा त्रास तुम्हाला होतो की नाही, हे दुकानात पांढरं पान उघडून अर्ध्या मीटरवरून बघितल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. प्रतिबिंब मात्र दुकानात तपासू नका. तिथले दिवे तुमच्या खोलीतले नाहीत.

आता टेबलाबद्दल. अक्षरवेलताई, उत्तरेला तोंड करून बसलेलं सासऱ्यांना चालेल का?

---

अक्षरवेल | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

विचारलं. म्हणाले, उत्तर कुबेराची, अभ्यासाला आणि कामाला चांगलीच. चालेल!

---

दिवेलागण | १६ ऑक्टोबर, दुपारी २:१५

मग काम सोपं झालं. टेबल उत्तरेच्या भिंतीला मधोमध लावा. खिडकी डाव्या हाताला येईल, आणि तुमची पाठ दक्षिणेच्या कोऱ्या भिंतीकडे.

अशा बैठकीत स्क्रीनला आरशासारखं काय दिसेल? सत्तावीस इंची स्क्रीनच्या डाव्या टोकाकडे तुम्ही बघता तेव्हा नजर साधारण २५ अंशांनी तिरकी जाते, आणि तेवढ्याच कोनात पलीकडे वळते. तुमची डावी भिंत मध्यापासून दीड मीटरवर आहे. ती वळलेली नजर त्या भिंतीवर आदळते ती स्क्रीनपासून अडीच मीटर मागे. तुमची खिडकी त्याच्या अलीकडेच, साधारण दोन मीटरवर संपते. म्हणजे ग्लॉसी स्क्रीनवरही खिडकी दिसणार नाही, फक्त दक्षिणेची भिंत दिसेल. तिथे काचेचं कपाट किंवा चकचकीत फ्रेम असेल तर ती मात्र हलवा.

आणि इथे मॅटची एक गोष्ट कळून घ्या, ती फार कमी जणांच्या लक्षात येते. बाजूची खिडकी ग्लॉसीला दिसत नाही, कारण तिचा प्रकाश आरशाच्या नियमाने तुमच्या डोळ्यांकडे न येता दुसरीकडे निघून जातो. मॅट मात्र बाजूने आलेला प्रकाशही विखुरतो, आणि त्यातला थोडा तुमच्याकडे पाठवतोच. खिडकी बाजूला असताना मॅट स्क्रीनचा काळा रंग ग्लॉसीपेक्षा फिका दिसू शकतो. हे ओळखायला एक जाड फाइल घ्या आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला उभी धरा, तिची सावली स्क्रीनवर पडेल अशी. काळा भाग लगेच गडद झाला तर धुरकटपणा खिडकीमुळे आहे. फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं.

थोडक्यात, खोली तुमच्या हातात असेल तर ग्लॉसी चांगला दिसतो. रोज जागा बदलत असेल, पाठीशी दिवे असतील आणि ते हलवता येत नसतील, तर मॅट. निखिलच्या ऑफिसात मॅटच योग्य आहे.

---

वाकडचा_चौदावा_मजला | १६ ऑक्टोबर, रात्री ११:००

माझी अडचण अशी. माझी खिडकी पूर्वेला आणि तीसुद्धा बाजूला, म्हणजे तुमच्या हिशोबाने आदर्श. तरी दुपारी चार ते पाच खोलीत ऊन येतं. समोर काचेची इमारत झाली आहे, पश्चिमेचं ऊन तिच्यावर पडून माझ्या स्क्रीनवर येतं. सकाळी पडदा लावून दुपारी उघडायची सवय होती, आता दोन्ही वेळा लावतो.

---

दिवेलागण | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

यावर घरातून पडद्याशिवाय दुसरा उपाय मला सुचत नाही. फक्त ते ऊन वर्षभर एकाच वेळी येणार नाही, सूर्य सरकेल तसं सरकेल. महिन्यातून एकदा वेळ लिहून ठेवा, म्हणजे कुठल्या महिन्यात टेबल कुठे ते ठरवता येईल.

---

कसबापेठी | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मी प्रश्न चुकीचा वाचला होता, माफ करा. पण दिव्याबद्दल विचारतो. आमच्या जुन्या घरात दिवसासुद्धा अंधार असतो, एकच लहान खिडकी. टेबललॅम्प स्क्रीनच्या कुठल्या बाजूला ठेवायचा? सध्या माझ्या मागे कपाटावर ठेवलाय, उजेड सगळीकडे पडावा म्हणून.

---

दिवेलागण | १७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काका, मागून तो आधी काढा, तो थेट स्क्रीनच्या नजरेत आहे. उजव्या हाताने लिहीत असाल तर लॅम्प डावीकडे, स्क्रीनच्या रेषेत किंवा किंचित मागे, म्हणजे त्याचं तोंड कागदाकडे राहील आणि स्क्रीनकडे पाठ. टोपी इतकी खाली घ्या की बसल्या जागेवरून आतला बल्ब दिसणार नाही. जागा नसेल तर मॉनिटरच्या वरच्या कडेला बसणारी दिव्याची पट्टी मिळते. तिचा प्रकाश पुढे कीबोर्डवर पडतो, स्क्रीनवर नाही. पण स्वस्तातल्या पट्टीचा प्रकाश कापलेला नसतो, तो स्क्रीनच्या वरच्या भागावर सांडतो. तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर लावून बघा, आणि खाली काळा मोबाइल उभा धरून त्यावर उजेड पडतोय का ते पाहा.

तुमच्या खोलीत अंधार आहे म्हणून अजून एक. दुसरा छोटा दिवा मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून लावा. तो प्रतिबिंब कमी करणार नाही, पण काळोखात एकटाच झगझगणारा स्क्रीन बघायचा ताण कमी होईल.

---

कसबापेठी | १८ ऑक्टोबर, रात्री ८:००

लॅम्प डावीकडे घेतला. कपाटावरचा दिवा रोज स्क्रीनमध्ये दिसत होता आणि मी तो चष्म्याचा दोष समजत होतो. आभारी आहे.

---

रंगरेषा | १९ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

अक्षरवेल, ग्लॉसी शोधताना एक लक्षात असू दे, नेहमीच्या ऑफिस मॉनिटरमध्ये बहुतेक सगळे मॅटच मिळतात. ग्लॉसी मोजके, आणि ज्यांच्यावर चष्म्यासारखा थर असतो ते महाग. त्या थरावर बोटांचे ठसे फार दिसतात. मऊ कोरड्या कापडानेच पुसावं लागतं. मी एकदा काच पुसायचं औषध वापरलं आणि कोपऱ्यात कायमचा पट्टा पडला.

---

अक्षरवेल | ६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

काय झालं ते सांगते.

दिवाळीच्या साफसफाईत टेबल उत्तरेच्या भिंतीला नेलं. दक्षिणेच्या भिंतीवर लग्नाचा काचेचा फोटो होता, तो स्क्रीनच्या मध्यात दिसत होता. बाहेरच्या खोलीत लावला. जुना ग्लॉसी स्क्रीन सरळ उभा केला, खाली दोन जाड शब्दकोश ठेवले. ट्यूब आता डाव्या भिंतीवर आहे आणि दिसत नाही. खिडकीही दिसत नाही. कामाला गडद रंगाचा कुर्ता घालते.

मग मॉनिटर. दोन दुकानांत पांढरं पान उघडून पाहिलं. एकाची कणी मला स्पष्ट दिसली, दुसऱ्याची शोधावी लागली. बजेटमध्ये ग्लॉसी नव्हताच. हलक्या थराचा मॅट घेतला.

फाइलची चाचणी केली. दुपारी दोन वाजता डावीकडे फाइल धरली की काळा रंग खरंच गडद होतो, दिवेलागण म्हणाले तसाच. मजकुराला काही फरक पडत नाही. मुखपृष्ठाचं काम असेल तेव्हा खिडकीचा जाळीचा पडदा ओढते आणि डाव्या कडेला काळ्या पुठ्ठ्याची उभी पट्टी लावते, फूटभर बाहेर येणारी. कुरूप दिसते, पण तिने काम होतं.

---

दिवेलागण | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:००

छानच. छपाईचे रंग तपासणारे लोक मॉनिटरला असंच झापड लावतात, त्यात कुरूप काही नाही.

एक इशारा देतो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. तुमचा स्क्रीन दक्षिणेकडे तोंड करून आहे. म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून आग्नेयेकडे जाईल, स्क्रीनवर येणार नाही. डिसेंबरात मात्र ते तुमच्या मागच्या डाव्या बाजूने थेट स्क्रीनवर पडेल. मॅटवर थेट ऊन पडलं की काहीच वाचता येत नाही. तुमचा जाळीचा पडदा तेव्हा पुरणार नाही, ऊन पडलं की जाळीच दिव्यासारखी पेटते.

---

वाकडचा_चौदावा_मजला | ७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

उभ्या पट्ट्यांचे पडदे बघा. आडव्या पट्ट्यांतून सायंकाळचं खालून येणारं ऊन सरळ आत शिरतं, उभ्या पट्ट्या सूर्याच्या उलट बाजूला वळवता येतात. माझ्याकडे आहेत.

---

अक्षरवेल | १९ डिसेंबर, संध्याकाळी ६:२५

आज नोंद केली. चार पस्तीसला ऊन स्क्रीनच्या डाव्या कडेला लागलं, पाच वाजेपर्यंत अर्ध्यावर आलं, पावणेसहाला समोरच्या इमारतीमागे गेलं. त्या वेळात पांढरं पानसुद्धा वाचता आलं नाही.

उभ्या पट्ट्या महिनाअखेर लागतील. तोवर खिडकीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर जाड चादर टांगली आहे. दक्षिणेकडचा अर्धा भाग उघडाच ठेवलाय. ऊन स्क्रीनवर येत नाही आणि ट्यूबही लावावी लागत नाही. जूनमध्ये चादर दुसऱ्या अर्ध्यावर न्यावी लागेल का?

---

दिवेलागण | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

बहुधा नाही, पण जूनमध्ये एकदा बसल्या जागेवरून बघावं लागेल. तेव्हा ऊन स्क्रीनला लागणार नाही, तुमच्या पाठीमागून जाईल. शिवाय जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बहुतेक संध्याकाळी ढगच असतील, त्यामुळे खरी परीक्षा मेच्या मध्यापासून. तेव्हा पाच ते साडेसहाची नोंद इथेच टाका.